बेरीज जुळते, तरी पैसे चुकीच्या खात्यात

ज्याने बिल वेळेवर चुकतं केलं, त्याच ग्राहकाला थकबाकीचं पत्र पाठवायचं आणि वर व्याजाची भाषा करायची, यासारखी नामुष्की लहान धंद्यात दुसरी नाही. बहुतेक वेळा असं पत्र कुणी मुद्दाम पाठवत नाही. खतावणी करताना एक ओळ चुकीच्या खात्यात पडते, महिना-दोन महिने ती कुणाच्या लक्षात येत नाही आणि मग यादी पाहून कुणीतरी ठरलेल्या मजकुराचं स्मरणपत्र धाडून देतं. पुढची गोष्ट अशाच एका ओळीची आहे. तिच्यातली माणसं आणि ऑफिस रचलेलं आहे, पण चूक, आकडेमोड आणि नियम हे कुठल्याही अकाउंटंटच्या टेबलावर भेटणारे आहेत.

सांगलीची बाजारपेठ हळदीची, शेजारच्या तासगावची बेदाण्याची. हा माल महिनोन्‌महिने टिकवायला या भागात कोल्ड स्टोरेज उभी राहिली आणि त्यांच्या यंत्रांची देखभाल करणारे छोटे उद्योगही. आपल्या गोष्टीतली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी हेच काम करते. कॉम्प्रेसर तपासायचे, तेल बदलायचं, गळती शोधायची आणि दर तिमाहीला करारानुसार बिल लावायचं. स्नेहल तिथे ऑगस्ट २०२४मध्ये अकाउंट्स बघायला लागली. एम.कॉम. होऊन वर्ष झालेलं, मधला काळ एका सीएंच्या ऑफिसात काढलेला. आधीचा मुलगा पुण्याला नोकरी लागली म्हणून घाईत सोडून गेला होता.

तिसऱ्याच आठवड्यात साहेबांनी येणे बाकीची यादी मागितली. साठ दिवसांपेक्षा जुनी जेवढी बिलं असतील, त्या सगळ्यांना फोन लावायचे होते. यादीत वरच तासगावचं एक कोल्ड स्टोरेज होतं. बिल क्रमांक ८७, तारीख ३ जून, रक्कम १,१८,००० रुपये. शेजारी शेरा होता, २५ जुलैला स्मरणपत्र पाठवलं. स्नेहलने त्या पत्राची प्रत काढून वाचली. शेवटचं वाक्य असं होतं, की ४५ दिवसांची मुदत संपली असून सूक्ष्म व लघु उद्योगांच्या कायद्याप्रमाणे व्याज लागू होईल.

हे वाक्य धमकीवजा असलं तरी पोकळ नाही. २००६च्या एमएसएमई विकास कायद्यानुसार, नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचं बिल ठरलेल्या मुदतीत द्यावं लागतं आणि लेखी ठरवूनही ती मुदत ४५ दिवसांपलीकडे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढीने व्याज लागतं. त्या जुलैमध्ये हा दर वर्षाला २० टक्क्यांच्या थोडा वर जात होता. म्हणजे ज्याने पैसे दिलेलेच नाहीत, त्याला हे पत्र पोचलं तर तो हालचाल करेल. ज्याने दिलेले आहेत, त्याचं डोकं मात्र फिरेल.

स्नेहलने फोन उचलण्याआधी एक गोष्ट केली. सीएंच्या ऑफिसात लागलेली ही सवय होती. तिने आयकर खात्याच्या पोर्टलवर जाऊन कंपनीचा २६एएस उतारा उघडला. आपल्या नावावर कुणी किती टीडीएस कापून भरला, ते या उताऱ्यात दिसतं. एप्रिल ते जून या तिमाहीची टीडीएस विवरणपत्रं ग्राहकांना ३१ जुलैपर्यंत भरायची असतात, त्यामुळे ऑगस्टच्या मध्यानंतर हा उतारा बराचसा भरलेला असतो. तासगावच्या ग्राहकाची ओळ त्यात होती. कलम १९४सी, तारीख २८ जून, रक्कम १,००,०००, कापलेला कर २,०००.

इथे एखादा नवशिका म्हणाला असता, टीडीएस कापलाय म्हणजे पैसेही दिलेत. पण ते तसं नसतं. टीडीएस पैसे देताना किंवा बिल वहीत जमा करताना, यातलं जे आधी घडेल तेव्हा कापायचा असतो. म्हणजे त्या ओळीवरून एवढंच कळत होतं, की तासगावच्या ग्राहकाने बिल मान्य करून आपल्या वहीत घेतलं आहे. पैसे निघाले की नाही, ते तिच्यातून सिद्ध होत नव्हतं. एक उपयोग मात्र झाला. बँकेत कुठला आकडा शोधायचा, ते तिला कळलं.

बिल होतं १,००,००० रुपयांचं, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण १,१८,०००. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असला की टीडीएस मूळ रकमेवर कापतात, जीएसटीवर नाही. एक लाखाचे २ टक्के म्हणजे २,०००. तेव्हा या बिलापोटी बँकेत येणारी रक्कम १,१८,००० नव्हे, १,१६,००० असणार. स्नेहलने बँकेचा जूनचा उतारा काढला आणि हाच आकडा शोधला. तो एकदाच सापडला, २८ जूनला, एनईएफटीने आलेला. पाठवणाऱ्याच्या नावाच्या जागी एका देवीचं नाव आणि पुढे `COLD STO` एवढीच अक्षरं होती. बँकेच्या उताऱ्यात जागा संपली की नाव असं तुटतं.

मग तिने टॅलीत त्या दिवसाची पावतीची नोंद उघडली. पैसे जमा होते, पण तासगावच्या खात्याला नाही, मिरजेच्या एका कोल्ड स्टोरेजच्या खात्याला. दोन्ही ग्राहकांच्या नावाची सुरुवात एकाच देवीच्या नावाने होते, पुढे दोघांच्याही नावात कोल्ड स्टोरेज येतं आणि फरक पडतो तो त्यानंतर. नोंद करताना पहिली चार अक्षरं दाबली की त्या नावांची यादी समोर येते, वरचं नाव आधीच निवडलेलं असतं. एन्टर दाबला की काम झालं. आधीच्या मुलाने दाबला होता.

मिरजेच्या ग्राहकाचं त्या सुमाराला १,७७,००० रुपयांचं बिल बाकी होतं. १,१६,००० त्याच्याशी जुळत नव्हते. एवढ्यावरही शंका यायला हवी होती. पण असं जुळेना झालं, की टॅलीत एक पळवाट आहे. आलेली रक्कम कुठल्या बिलापोटीची आहे हे विचारल्यावर `Agst Ref` निवडून बिल दाखवायचं असतं. त्याऐवजी `On Account` निवडलं, की रक्कम कुठल्याच बिलाला न जोडता खात्यात मोघम पडून राहते. मुलाने तेच केलं होतं.

आता प्रश्न असा, की दोन महिने ही चूक कुणालाच कशी दिसली नाही? बँकेची जुळवणी दर महिन्याला होत होती. ती नीट जुळली, कारण बँकेत १,१६,००० आले होते आणि वहीतही बँकेच्या खात्याला १,१६,०००च आले होते. तेरीजही जुळली, कारण नावे आणि जमा दोन्ही बाजूंना आकडा बरोबर होता. इतकंच नव्हे, येणे बाकीची एकूण बेरीजसुद्धा बरोबर होती. चुकीच्या वहीत तासगावकडे १,१८,००० बाकी आणि मिरजेकडे १,७७,००० वजा १,१६,००० म्हणजे ६१,०००, मिळून १,७९,०००. बरोबर वहीत तासगावकडे फक्त टीडीएसची नोंद व्हायची म्हणून २,००० आणि मिरजेकडे १,७७,०००. मिळून पुन्हा १,७९,०००. ताळेबंदात ही चूक कधीच उमटली नसती. नफा तोच, एकूण येणं तेच, बँकेची शिल्लकही तीच.

म्हणूनच अशी चूक पकडायला बेरजा कामाला येत नाहीत, माणसं येतात. ती कळू शकते फक्त त्या दोन ग्राहकांना, कारण प्रत्येकाच्या वहीत आपापला खरा आकडा असतो. त्यातल्या एकाला आपण उगाच दुखावलेलं असतं आणि दुसऱ्याला आयता फायदा झालेला असतो. दुसरा आपण होऊन बोलेलच असं नाही.

स्नेहलचा संशय पक्का होता, पण पुरावा अजून पक्का नव्हता. १,१६,००० ही रक्कम आणि तुटलेलं नाव यावरून पत्र लिहिणं म्हणजे एका चुकीवर दुसरी रचणं. तिने ऑफिसच्या ईमेलची जुनी पेटी चाळली. २८ जूनच्या दुपारी तासगावहून एक मेल आला होता, कुणी उघडलाही नव्हता. त्यात पेमेंटचा तपशील होता: बिल क्रमांक ८७, एकूण १,१८,०००, टीडीएस २,०००, पाठवलेले १,१६,००० आणि यूटीआर क्रमांक. यूटीआर म्हणजे प्रत्येक बँक व्यवहाराला मिळणारा स्वतंत्र क्रमांक. एनईएफटीचा सोळा अक्षर-अंकांचा असतो. तिने मेलमधला क्रमांक आणि बँकेच्या उताऱ्यातला क्रमांक शेजारी ठेवून अक्षर न्‌ अक्षर ताडून पाहिला. जुळला.

ती साहेबांकडे गेली. साहेबांनी कपाळाला हात लावला. "म्हणजे त्यांनी पैसे दिलेत आणि आपण त्यांना व्याज लावायला निघालो?"

"हो सर. आणि मिरजेला ३१ जुलैच्या खातेउताऱ्यात ६१,००० बाकी कळवलीय. खरी बाकी १,७७,००० आहे."

"मग टॅलीत बदलून टाक की. आणि तासगावला फोन करून सॉरी म्हण. पत्रबित्र कशाला?"

फोन करायला स्नेहलची ना नव्हती. पण एवढ्याने काम भागणार नाही, असं तिचं म्हणणं पडलं. व्याजाचं पत्र कागदावर गेलेलं आहे. उद्या मार्चअखेरीला तासगावचे ऑडिटर फाइल उघडतील तेव्हा त्यांना ते पत्र दिसेल, फोन दिसणार नाही. आयकर कायद्याच्या ४३बी(एच) कलमामुळे २०२३-२४पासून ऑडिटर याबाबत फार चौकस झाले आहेत. सूक्ष्म-लघु उद्योगांचं मुदतीबाहेरचं देणं वर्षअखेरीला राहिलं, तर तो खर्च त्या वर्षी मिळत नाही. तेव्हा जे कागदाने बिघडलं, ते कागदानेच निस्तरायला हवं. साहेबांना ते पटलं.

"टॅलीत बदलून टाक" हे मात्र तिने ऐकलं नाही. २८ जूनची नोंद उघडून खात्याचं नाव बदलता आलं असतं. पण जुलैअखेरची येणे बाकीची यादी कॅश क्रेडिटसाठी बँकेला दिलेली होती आणि दोन्ही ग्राहकांना कागद गेलेले होते. मागची नोंद गुपचूप बदलली की ते सगळे कागद वहीशी विसंगत होतात आणि का, ते कुठेच लिहिलेलं राहत नाही. शिवाय १ एप्रिल २०२३पासून कंपन्यांना असंच सॉफ्टवेअर वापरावं लागतं, ज्यात केलेल्या प्रत्येक बदलाचा माग राहतो आणि तो बंद करता येत नाही. म्हणजे गुपचूप काही होतच नाही, फक्त संशयास्पद दिसतं.

म्हणून तिने त्या दिवसाच्या, २२ ऑगस्टच्या तारखेने जर्नल एंट्री केली. मिरजेचं खातं १,१६,०००ने नावे, तासगावचं तेवढ्यानेच जमा. खाली खुलासा लिहिला: २८ जूनची पावती चुकून मिरजेच्या खात्याला पडली होती, ती दुरुस्त केली, सोबत यूटीआर. बँकेच्या खात्याला हात लावला नाही, कारण तिथे चूक नव्हतीच. इथेच अनेक जण घसरतात. तासगावच्या नावे नवी पावती करून मोकळे होतात आणि बँकेत नसलेले १,१६,००० वहीत दोनदा दिसू लागतात. दुसरी काळजी बिलांच्या जोडणीची. तासगावकडे `Agst Ref` निवडून बिल ८७ दाखवलं. मिरजेकडे तीच मोघम `On Account` रक्कम पुसली गेली पाहिजे. तिथे नवीन संदर्भ दिला असता, तर मिरजेच्या नावावर ऑगस्टचं एक खोटंच बिल उभं राहिलं असतं. मग वेगळ्या नोंदीने टीडीएसचे २,००० तासगावला जमा केले. तासगावचं खातं शून्यावर आलं. बिलं जशीच्या तशी असल्यामुळे जीएसटीच्या विवरणपत्रात काहीच बदलायचं नव्हतं.

आणखी एक तपासणी तिने कुणी न सांगता केली. एका ग्राहकाचे पैसे दुसऱ्याच्या खात्याला दिसले, की अनुभवी अकाउंटंट आधी घाबरतो, कारण अफरातफरीची ही जुनी रीत आहे. एकाची रोकड खिशात घालायची, ते खातं दुसऱ्याच्या पैशाने भरायचं, दुसऱ्याचं तिसऱ्याच्या; याची टोपी त्याला. इथे पैसे बँकेत सुखरूप होते, त्यामुळे तसा प्रकार नव्हता. तरी तिने तिमाहीतल्या सगळ्या `On Account` पावत्या काढून बँकेशी ताडल्या. बाकीच्या बरोबर निघाल्या. आता ती पत्रात ठामपणे लिहू शकत होती, की चूक एवढीच आहे.

पत्राचा पहिला मसुदा तिने घाईत लिहिला. त्यात होतं, "तांत्रिक कारणामुळे आपले पेमेंट अन्य ग्राहकाच्या खात्यात वर्ग झाले होते. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. कृपया पेमेंटचा पुरावा पाठवावा, म्हणजे नोंद दुरुस्त करता येईल." सकाळी वाचल्यावर तिलाच ते रुचलं नाही. तांत्रिक काही नव्हतं, माणसाने चुकीचं नाव निवडलं होतं. पुरावा तर त्यांनी दोन महिन्यांपूर्वीच पाठवला होता. तो पुन्हा मागणं म्हणजे आपली चूक निस्तरायला त्यांनाच राबवणं. "अन्य ग्राहक" म्हटलं, की वाचणाऱ्याला कुतूहल, तो कोण? दुसऱ्याचा व्यवहार याच्या पत्रात यायचं कारण नाही. आणि ज्याने ते खरे दुखावले, त्या व्याजाच्या वाक्याचा उल्लेखच नव्हता. तिने नवं पत्र लिहिलं.

"मा. व्यवस्थापक, लेखा विभाग यांस,

सप्रेम नमस्कार.

विषय: बिल क्र. ८७चे पेमेंट मिळाल्याबाबत, तसेच दि. २५ जुलै २०२४चे स्मरणपत्र मागे घेण्याबाबत.

आमच्या दि. ३ जून २०२४च्या बिल क्र. ८७पोटी आपण पाठवलेले १,१६,००० रुपये आम्हाला दि. २८ जून रोजी एनईएफटीने मिळाले आहेत. आपण कापलेला २,००० रुपयांचा टीडीएसही आमच्या २६एएसमध्ये दिसत आहे. त्यामुळे हे बिल पूर्णपणे चुकते झाले आहे.

आपण त्याच दिवशी पेमेंटचा तपशील मेलने कळवला होता. आमच्याकडून ही रक्कम आपल्या खात्याला जमा करण्यात चूक झाली आणि त्यामुळेच २५ जुलैचे पत्र आपल्याला गेले. ते पत्र, त्यातील व्याजाच्या उल्लेखासह, आम्ही मागे घेत आहोत. आपल्याकडून कोणतेही व्याज येणे नाही.

आज, दि. २२ ऑगस्ट रोजी, आम्ही नोंद दुरुस्त केली आहे. दुरुस्त खातेउतारा सोबत जोडला आहे. आपल्याला काही करण्याची आवश्यकता नाही. उतारा आपल्या वहीशी जुळत नसल्यास मात्र मला अवश्य कळवावे.

वेळेवर पैसे देऊनही आपल्याला असे पत्र वाचावे लागले, याबद्दल मनापासून दिलगीर आहोत.

आपली विश्वासू,
स्नेहल, लेखा विभाग"

पत्रात पहिलंच वाक्य पैसे मिळाल्याचं आहे, क्षमायाचना शेवटी आहे. थकबाकीचं पत्र मिळालेल्या माणसाला आधी जाणून घ्यायचं असतं, की आपले पैसे कुठे आहेत. ते कळेपर्यंत तो दिलगिरी वाचतच नाही. बिल क्रमांक, तारीख, रक्कम आणि टीडीएस हे चारही एकाच परिच्छेदात आहेत, त्यामुळे समोरचा अकाउंटंट आपली वही उघडून अर्ध्या मिनिटात ताडून बघू शकतो. चूक कुणाकडून झाली ते एका वाक्यात आहे. सोडून गेलेल्या मुलाचा त्यात उल्लेख नाही, कारण ग्राहकाच्या दृष्टीने चूक कंपनीची असते. आणि "मागे घेत आहोत" हे शब्द स्पष्ट आहेत. "दुर्लक्ष करावे" असं लिहिलं असतं, तर जुनं पत्र फाइलमध्ये जिवंतच राहिलं असतं.

साहेबांनी पत्र वाचून एकच बदल सुचवला. "शेवटी माझीही सही पाहिजे. व्याजाचं पत्र कंपनीच्या नावाने गेलंय."

मिरजेचं पत्र अधिक अवघड होतं. तिथे माफी मागून भागणार नव्हतं, १,१६,००० रुपये जास्त मागायचे होते, तेही आपणच कमी बाकी कळवल्यावर. इथे गुळमुळीत लिहिलं की समोरच्याला वाटतं, मागचं-पुढचं करून काहीतरी गळ्यात मारतायत. म्हणून स्नेहलने आधी त्यांना फोन केला. तिथल्या अकाउंटंट बाई शांतपणे ऐकत होत्या. शेवटी म्हणाल्या, "अहो ताई, आमच्या वहीत पूर्णच बिल दिसतंय. तुमचा उतारा आल्यावर मला वाटलं, साहेबांचं काही ठरलं असेल आपसात." म्हणजे खरी बाकी त्यांना ठाऊक होती. त्या खोटं बोलल्या नव्हत्या, विचारलं मात्र नव्हतं.

फोननंतर गेलेल्या पत्रात मजकूर थोडा होता. ३१ जुलैच्या उताऱ्यात ६१,००० दाखवले ते चूक आहे. आपल्याकडून न आलेली १,१६,००० रुपयांची एक रक्कम आमच्याकडून आपल्या खात्याला जमा झाली होती. बरोबर बाकी १,७७,००० आहे, टीडीएस वजा जाता द्यायचे १,७४,०००. कुणाचे पैसे होते ते नाही. त्याखाली एक वाक्य साहेबांच्या परवानगीने घातलं: "आमच्या उताऱ्यावर विसंबून आपण पैशांची तजवीज केली असेल, हे लक्षात घेऊन ही रक्कम ३० सप्टेंबरपर्यंत दोन हप्त्यांत दिली तरी चालेल, तोवर व्याज आकारले जाणार नाही." बिलाची मुदत केव्हाच टळलेली होती आणि कायद्याचा आधार घेऊन व्याज मागता आलं असतं. पण चुकीचा उतारा आपणच पाठवलेला असताना तो आधार काढणं शोभलं नसतं, आणि टिकलंही असतं की नाही कोण जाणे. मिरजेहून निम्मी रक्कम आठवड्यात आली, उरलेली सप्टेंबरच्या शेवटी.

तासगावहून उत्तरादाखल त्यांच्या वहीतला खातेउतारा आला, कुठलाही शेरा न लिहिता. त्यांची बाकी शून्य, यांचीही शून्य. दोन कंपन्यांच्या वह्या एकमेकींशी जुळल्या, तेव्हा कुठे ती दुरुस्ती पुरी झाली. आपल्या वहीत जर्नल एंट्री पडली म्हणजे चूक सुधारली असं नसतं. जोवर समोरच्याच्या फाइलमध्ये जुना कागद एकटा पडलेला आहे, तोवर ती अर्धीच सुधारलेली असते.

त्यानंतर ऑफिसात दोन गोष्टी बदलल्या. सारख्या नावांच्या खात्यांच्या सुरुवातीलाच गावाचं नाव आलं, म्हणजे खातं निवडताना गाव आधी डोळ्यांत भरतं. आणि कुठल्याही खात्यात मोघम पडलेली पावती असली, तर ती कुणाची ते ठरल्याशिवाय स्मरणपत्रं पाठवायची नाहीत, असं ठरलं. ज्या रकमेचा धनी पहिल्या दिवशी कळत नाही, ती आता अंदाजाने कुणाच्या खात्याला न टाकता सस्पेन्स खात्यात ठेवतात. ते खातं महिनाअखेरीला रिकामं नसेल तर सगळ्यांना दिसतं; चुकीच्या ग्राहकाच्या नावावर पडलेली रक्कम कुणालाच दिसत नाही.

आपल्यापैकी बहुतेक जण या गोष्टीत तासगावच्या बाजूला असतो. सोसायटीचा मेंटेनन्स, शाळेची फी, पुरवठादाराचं बिल भरलेलं असतं आणि तरी बाकीची नोटीस येते. अशा वेळी "आम्ही भरलंय" एवढं सांगून काही हलत नाही, कारण समोरच्याच्या वहीत ते कुठेतरी भरलेलं दिसतच असतं, फक्त दुसऱ्याच्या नावावर. पैसे गेल्याची तारीख, नेमकी रक्कम, यूटीआर आणि बिल किंवा पावतीचा क्रमांक, कर कापला असेल तर तोही, एवढं एका मेलमध्ये लिहून पाठवा आणि दुरुस्त खातेउतारा मागून घ्या. तो हातात पडेपर्यंत, नोटीस कागदावर असेल तर ती मागे घेतल्याचं कागदावरच मिळेपर्यंत, विषय बंद झाला असं समजू नका.